करारनाम्यातला तुमचा पत्ता आजच तपासा

तुम्ही फ्लॅट बुक केला आहे. करारनामा नोंदवून वर्ष-दोन वर्षं झाली आहेत. मधल्या काळात तुम्ही भाड्याचं घर बदललं, किंवा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, किंवा जुना ईमेल वापरायचा सोडून दिलात. यातलं एक जरी तुमच्या बाबतीत खरं असेल, तर कृपा करून कपाटातली ती फाइल आजच बाहेर काढा. रविवारची वाट बघू नका.

फाइलमधल्या करारनाम्याची पानं उलटत शेवटाकडे या. पार्किंग, सुविधा, सोसायटीची स्थापना हे सगळं मागे पडल्यावर पाच-सात ओळींचा एक परिच्छेद येतो. सही करताना तो कुणी वाचत नाही. वकीलसुद्धा घाईत असला तर बोटाने पुढे सरकवतो. तोच नोटिशीचा परिच्छेद. बिल्डरने तुम्हाला कुठे कळवायचं, कसं कळवायचं आणि तुम्हाला कळलं असं कधी धरायचं, हे त्यात ठरलेलं असतं. ‘कळलं असं धरायचं’ हे शब्द नीट वाचा. तुम्हाला खरोखर कळलं की नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा तिथे विचारलेलाच नसतो.

महाराष्ट्रात महारेराने करारनाम्याचा एक नमुना ठरवून दिला आहे. तुमचा करार त्यावरच बेतलेला असणार. नोटिशीबद्दल तो काय म्हणतो ते साध्या मराठीत सांगते. खरेदीदाराच्या करारात लिहिलेल्या पत्त्यावर रजिस्टर्ड ए.डी.ने आणि कळवलेल्या ईमेलवर नोटीस पाठवली, की ती रीतसर बजावली असं समजायचं. पत्ता बदलला तर तो रजिस्टर्ड टपालाने कळवणं हे तुमचं कर्तव्य. कळवला नाहीत, तर जुन्या पत्त्यावर टाकलेलं प्रत्येक पत्र तुम्हाला मिळालं असंच मानायचं. आणि फ्लॅट दोघा-तिघांच्या नावावर असेल, तर ज्याचं नाव पहिलं, त्याच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र सगळ्यांना पोचलं असं धरायचं.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तुमच्या करारात पहिलं नाव कुणाचं आहे? कर्ज त्याच्या पगारावर मिळत होतं म्हणून मुलाचं नाव पहिलं घातलंत ना? तो आता कुठे राहतो? त्याच्या नावापुढे कोणता पत्ता छापला आहे? आज रात्री त्याला फोन करा आणि विचारा.

धोका कसा येतो ते एका उदाहरणाने दाखवते. कुटुंब मी कल्पनेतलं घेतलं आहे, पण यातली कलमं रोजच्या करारांतली आहेत. डोंबिवलीच्या एका चाळीत भाड्याने राहणारं हे कुटुंब. आई-वडील आणि मुलगा. तिघांनी मिळून कल्याणला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. पहिलं नाव मुलाचं, पत्ता चाळीचा. ईमेल एजंटने बुकिंगच्या दिवशी तिथल्या तिथे काढून दिलेला, त्याचा पासवर्डही त्यालाच ठाऊक. वर्षभराने मुलगा दुबईला गेला आणि आई-वडील ठाण्याला लहान घरात आले. बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीला वडिलांनी व्हॉट्सॲपवर नवा पत्ता पाठवला. तिने अंगठा दाखवला. वडील निर्धास्त झाले.

त्या अंगठ्याला करारात काही किंमत नव्हती. पत्ता बदलल्याचं रजिस्टर्ड टपालाने कळवायचं असं कलमात होतं. स्लॅब पडत गेले, हप्त्याची मागणीपत्रं चाळीत जात राहिली. बँक मागणीपत्र हातात आल्याशिवाय पैसे सोडत नाही. मागणीपत्र ठाण्याला आलंच नाही, म्हणून ते बँकेतही गेलं नाही. असे तीन हप्ते थकले. नमुना करारात तीन हप्ते थकले की बिल्डरला करार रद्द करण्याचा अधिकार मिळतो. त्याआधी एकच पायरी आहे, पंधरा दिवसांची लेखी नोटीस. ती रजिस्टर्ड ए.डी.ने आणि ईमेलनेही द्यावी लागते, आणि चूक नेमकी काय ते त्यात लिहावं लागतं. त्या पंधरा दिवसांत पैसे भरले तर घर राहतं.

आयुष्यभराची पुंजी आणि पंधरा दिवस. म्हणूनच हे पंधरा दिवस कधी सुरू होतात ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. माहीत करून घ्या. त्यासाठी कायद्याचं शिक्षण लागत नाही, दिनदर्शिका पुरते.

या कुटुंबाच्या करारात बिल्डरने नमुन्याला थोडी जोड दिली होती. रजिस्टर्ड टपाल असेल तर टाकल्यापासून चौथ्या दिवशी मिळालं असं धरायचं. ईमेल असेल तर त्याच दिवशी, पण संध्याकाळी सहानंतर किंवा सुट्टीला पाठवला तर पुढच्या कामाच्या दिवशी. अशी जोड बऱ्याच करारांत असते, दिवस मात्र प्रत्येकाचे वेगळे. कुठे टपालाला तीन, कुठे पाच, कुठे सात. कुरिअरला बहुधा दोन. तुमच्यात किती आहेत ते वाचा आणि पेन्सिलीने खूण करा.

आता दिनदर्शिका घेऊ. नोटिशीवर तारीख होती 7 जून 2024, शुक्रवार. ईमेल त्याच दिवशी गेला, पण रात्री पावणेआठला. म्हणजे तो मिळाला असं धरायचं सोमवारी, 10 जूनला. पाकीट टपालात पडलं शनिवारी, 8 जूनला. पाकिटावरचा शिक्का तेच सांगत होता. चौथा दिवस 12 जून. नोटीस दोन्ही मार्गांनी द्यायची असल्यामुळे ती पुरी झाली नंतरच्या तारखेला, म्हणजे 12 जूनला. तो दिवस सोडून पुढचे पंधरा मोजले की मुदत संपते 27 जूनला.

पाकीट चाळीत आलं. त्या खोलीतल्या नव्या भाडेकरूने सही करून घेतलं आणि फ्रिजवर ठेवलं. वाईट हेतू काहीच नव्हता, देऊ कधीतरी एवढंच मनात. शेजारच्या आजींनी ते बघितलं आणि रविवारी, 23 जूनला, नातवाबरोबर ठाण्याला पोचवलं. वडिलांनी पत्र उघडलं. 7 जून वाचलं, त्यात पंधरा मिळवले, उत्तर आलं 22. म्हणजे काल. ते मटकन खाली बसले. त्यांनी कुणालाच फोन केला नाही. आता काय उपयोग, असं म्हणत तीन दिवस घरात काढले.

मुदत गेली नव्हती. तब्बल चार दिवस हातात होते. सोमवारी बँकेत जाता आलं असतं, मंगळवारी पैसे वळते करता आले असते. ज्या परिच्छेदाने त्यांना अडचणीत आणलं, त्यातच त्यांची सुटका लिहिलेली होती. ती कुणी वाचली नाही.

म्हणून नोटीस हातात आली की आधी पाकीट जपा. फाडून फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का आणि बारकोडखालचा क्रमांक यांचा फोटो काढा. तो क्रमांक टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाका, कुठल्या दिवशी बुक झालं आणि कुठल्या दिवशी दिलं ते दिसेल. ते पान छापून ठेवा, कारण ही नोंद काही काळाने तिथून जाते. मग करार उघडा. पत्रावरची तारीख बाजूला ठेवा. कलमातली तारीख काढा. दिवस मोजा. एकदा तुम्ही मोजा, एकदा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोजायला लावा. आणि तरीही एक दिवसही शेवटापर्यंत ताणू नका. तुम्ही 27 मोजलेत आणि समोरचा वकील 25 म्हणाला, तर तो वाद जिंकण्यापेक्षा 24 ला पैसे भरलेले केव्हाही चांगले.

तुमच्या करारात दिवसांचा आकडाच नसेल तर? महारेराच्या मूळ नमुन्यात तो नाही. तिथे नोटीस पाठवली की बजावली असं म्हटलं आहे, कुठल्या तारखेला ते सांगितलेलं नाही. मग दोन्ही बाजू आपापल्या सोयीची तारीख धरतात. अशा वेळी तुम्ही कडक तारीख धरा. टपालात पडली तोच पहिला दिवस समजून कामाला लागा. पत्र कधी पोचलं हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल, पण त्याच्या भरवशावर घर ठेवू नका.

आता एक समजूत. ती घराघरांत आहे आणि ती लोकांना बुडवते. वकिलाचं पत्र आलं की घ्यायचंच नाही. पोस्टमनला सांगायचं, इथे नाहीत. घेतलंच नाही म्हणजे आपल्याला माहीतच नाही, मग कोण काय करणार?

करणारे करतात. पत्ता बरोबर असेल आणि तुम्ही पत्र नाकारलंत, तर पोस्टमन पाकिटावर ‘घेण्यास नकार’ लिहितो. घर बंद असेल तर चिठ्ठी टाकून जातो, पाकीट काही दिवस टपाल कार्यालयात थांबतं, तुम्ही गेला नाहीत तर ‘नेले नाही’ असा शेरा मारून परत जातं. हे दोन्ही शेरे पाठवणाऱ्याच्या बाजूचे पुरावे आहेत. टपालाने नोटीस द्यावी असं जिथे कायदाच सांगतो, तिथे 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 27 लागू होतं. बरोबर पत्ता, पुरेसं टपाल आणि रजिस्टर्ड पाकीट एवढं असलं, की नेहमीच्या वेळेत ते पोचलं असं धरलं जातं. पोचलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. चेक न वटल्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सी. सी. अलवी हाजी यांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. पत्र टाळणाऱ्याला टाळण्याचा फायदा मिळत नाही.

तेव्हा दार उघडा. पत्र घ्या. सही करताना सहीखाली त्या दिवसाची तारीख तुमच्या हाताने लिहा. पत्र घेतलं म्हणजे त्यातलं सगळं कबूल केलं असं होत नाही, ती भीती मनातून काढून टाका. पत्र घेतलंत तर तुमच्याकडे दिवस असतात. नाकारलंत तर दिवस तेवढेच जातात, फक्त तुम्हाला न सांगता. आणि गावी जाताना, लग्नाला जाताना, दवाखान्यात मुक्काम पडणार असेल तर शेजाऱ्याला सांगून जा, की पोस्टमनची चिठ्ठी दारात दिसली तर लगेच फोन कर.

कुरिअरचं गणित जरा निराळं आहे. टपालाच्या रजिस्टर्ड पाकिटाला कायद्याने दिलेला तो आधार खासगी कुरिअरला आपोआप मिळत नाही. कुरिअरची ताकद येते ती करारातून. करारात कुरिअर चालेल असं लिहिलं असेल, तर बहुधा दोन दिवसांनी मिळालं असंही त्यात लिहिलेलं असतं, आणि मग वॉचमनने केलेली वाकडीतिकडी सही तुमच्यावर बंधनकारक ठरू शकते. करारात कुरिअरचा उल्लेखच नसेल, तर फक्त कुरिअरने पाठवलेल्या नोटिशीवर आक्षेप घ्यायला जागा आहे. मात्र ती नोटीस तुम्ही खरोखर वाचली असेल, तर तेवढ्या एका मुद्द्यावर निर्धास्त राहू नका. कागद हातात आला, मजकूर कळला, मग मार्ग चुकला म्हणून सोडा, असं म्हणणाऱ्याकडे न्यायाधीश फारशा कौतुकाने बघत नाहीत. आक्षेप लेखी कळवा आणि त्याच वेळी पैशाची तजवीजही करा. इमारतीच्या वॉचमनलाही आजच सांगून ठेवा, की माझ्या नावाचं कुरिअर घेतलंस तर त्याच दिवशी माझ्या हातात दे. त्याच्या टेबलाच्या खणात काय काय पडून असतं ते एकदा जाऊन बघाच.

ईमेलचं मात्र मला सगळ्यात जास्त भय वाटतं, कारण तो आवाज करत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 13 सांगतं, की तुम्ही जो ईमेल नेमून दिला आहे त्यात संदेश शिरला त्या क्षणी तो मिळाला. उघडला कधी, वाचला कधी, स्पॅममध्ये गेला का, हे कुणी विचारत नाही. तुम्ही नेमून न दिलेल्या दुसऱ्याच ईमेलवर तो आला, तर मात्र तुम्ही तो प्रत्यक्ष पाहिला तेव्हाच मिळाला असं धरतात. करारात वेगळं ठरलं असेल तर करार चालतो, आणि काही करार तर पाठवणाऱ्याकडून ईमेल सुटला तेवढ्यावरच बजावणी झाली म्हणतात.

म्हणून करारात छापलेला ईमेल अक्षर अक्षर लावून बघा. टिंब कुठे आहे, शेवटचा आकडा बरोबर आहे का. तो एजंटने काढला असेल तर पासवर्ड मागून घ्या आणि बदला. तो ऑफिसचा असेल आणि नोकरी सोडली असेल, तर नवा ईमेल रीतसर कळवा. तो मुलाचा असेल तर बिल्डरकडून येणारं प्रत्येक पत्र आपोआप तुमच्याकडेही येईल अशी व्यवस्था त्याच्याकडून करून घ्या. आठवड्यातून एकदा स्पॅम उघडा. शनिवारी सकाळी चहा घेताना उघडा, पण उघडा.

आता उलट बाजूही बघा, कारण तुम्हीही नोटीस देणारे आहात. ताबा घेऊन चार वर्षं झाली आणि बाथरूमच्या स्लॅबमधून पाणी झिरपायला लागलं. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार बांधकामातला असा दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरच्या नजरेस आणला, तर त्याने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तुम्ही साइट ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला फोटो पाठवता. तो म्हणतो, बघतो काका. वर्ष निघून जातं. साइट ऑफिस उठून जातं. त्या माणसाची नोकरी बदलते. पाच वर्षं पुरी होतात आणि करारातल्या पत्त्यावर तुमचं एकही पत्र नसतं.

हे होऊ देऊ नका. बिल्डरचा पत्ता त्याच परिच्छेदात आहे, बहुधा कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा. पत्र तिथेच पाठवा. त्याच्या करारातल्या ईमेलवरही पाठवा. फोनवरचं बोलणं चालू ठेवायला हरकत नाही, पण घड्याळ चालू होतं ते पत्राने.

पुनर्विकासात घर दिलेल्या मंडळींनो, तुम्ही तर जराही थांबू नका. तुमच्या करारातला पत्ता कुठला आहे ते आठवा. जुन्या इमारतीतला तुमचा फ्लॅट. ती इमारत पाडून झाली आहे. तिथे पत्र्याचं कुंपण आणि खड्डा आहे. पत्र तिथे जाणार, पोस्टमन परत नेणार, आणि बदललेला पत्ता तुम्ही कळवला नाही म्हणून ते तुम्हाला मिळालं असं मानलं जाणार. नव्या घराचा ताबा घ्या, हे सांगणारी नोटीसही याच पत्त्यावर जाते. बऱ्याच करारांत त्या नोटिशीनंतर ठरावीक दिवसांनी बिल्डरकडून मिळणारं भाडं बंद होतं आणि देखभालीचा खर्च तुमच्या माथी सुरू होतो. नव्या फ्लॅटच्या खरेदीदारांनाही नमुना करार ताब्याच्या नोटिशीपासून पंधराच दिवस देतो. सोसायटीच्या सचिवांना माझी कळकळीची विनंती आहे. विखुरलेल्या सगळ्या सभासदांचे सध्याचे पत्ते गोळा करा. एकट्या राहणाऱ्या वयस्कर सभासदांची पत्रं तुम्ही लिहून द्या, त्यांची फक्त सही घ्या. एका संध्याकाळचं काम आहे.

बँकेला विसरू नका. कर्जाचा करार हा वेगळा कागद आहे आणि त्यात नोटिशीचं वेगळं कलम आहे. बचत खात्याला पत्ता बदलला म्हणजे कर्जाच्या फाइलमध्ये तो बदलला, असं गृहीत धरू नका. कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची मागणी नोटीस देते, आणि त्यानंतर घराचा ताबा घेण्याची पावलं उचलू शकते. ते साठ दिवस जुन्या चाळीच्या दारात संपू देऊ नका.

आणि समजा, उशीर झालाच. करार रद्द झाल्याचं पत्र हातात पडलं. तरीही हात टेकू नका. बिल्डर वाटप रद्द करू शकतो ते फक्त करारातल्या अटींप्रमाणे, असं रेरा कायद्याचं कलम 11 सांगतं. त्याच कलमात तुम्हाला महारेराकडे दाद मागायचा हक्क आहे. नोटीस टपालाने आणि ईमेलने दोन्हीकडून गेली होती का? चूक नेमकी लिहिली होती का? पहिल्या नावाच्या माणसाला पाठवली होती का? पंधरा दिवस पुरे दिले का, की कलमाने मोजले तर दोन दिवस कमी भरतात? यातलं एक जरी चुकलं असेल तरी तुमच्याकडे बोलायला मुद्दा आहे. पाकीट, शिक्का, ईमेलची वेळ आणि करारातलं ते पान घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. कुणी ‘आता सह्या करून पैसे परत घ्या’ म्हणून कागद पुढे केला, तर त्या दिवशी सही करू नका.

एक विनंती तुमच्या घराबाहेरची. तुमच्या दारात आधीच्या भाडेकरूच्या नावाचं रजिस्टर्ड पाकीट आलं, तर सही करून ठेवून देऊ नका. त्याचा नंबर असेल तर आधी फोन करा. नसेल तर पाकीट पोस्टमनकडे परत द्या आणि ‘इथे राहत नाहीत’ असं लिहायला सांगा. तुम्ही ठेवून दिलेल्या पाकिटात कुणाच्या तरी घराचे दिवस संपत असतात.

आता पत्र कसं लिहायचं ते सांगते. साध्या कागदावर लिहा. करारनाम्याची तारीख, नोंदणी क्रमांक, इमारत आणि फ्लॅट क्रमांक घाला. मग लिहा, ‘या करारनाम्यातील नोटिशीच्या कलमानुसार कळवतो की आमचा पत्ता व ईमेल आजपासून पुढीलप्रमाणे आहे. यापुढील सर्व मागणीपत्रे व नोटिसा याच पत्त्यावर व ईमेलवर पाठवाव्यात.’ खाली नवा पत्ता पिनकोडसह आणि ईमेल. करारात जेवढी नावं आहेत तेवढ्या सगळ्यांच्या सह्या. मुलगा दुबईला असेल तर सही केलेला कागद त्याच्याकडून मागवून घ्या, तोवर त्याला त्याच्या करारातल्या ईमेलवरून हाच मजकूर बिल्डरला पाठवायला सांगा.

टपाल कार्यालयात जा. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. म्हणून खिडकीवर नुसतं ‘स्पीड पोस्ट’ म्हणू नका. स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह आणि पोचसह, असं सांगा. करारात लिहिलेल्या रजिस्टर्ड टपालाच्या सगळ्यात जवळचं आज तेच आहे. पाकीट बंद करण्याआधी पत्राचा फोटो काढा, बंद केल्यावर पत्ता दिसेल असा दुसरा काढा. त्याच दिवशी तेच पत्र बिल्डरच्या ईमेलवर जोडून पाठवा. काही दिवसांनी क्रमांक टाकून पत्र पोचल्याची नोंद छापून घ्या. पावती, नोंद आणि पत्राची प्रत करारनाम्यातल्या त्या पानाला टाचणीने लावा. उद्या सकाळी टपाल कार्यालय उघडेल तेव्हा बिल्डरचं आणि बँकेचं, दोन्ही पाकिटं तुमच्या पिशवीत तयार असू द्या.